एक्सपायरी जवळ आली तरी स्प्रेड का आटत नाही?

वाचकाचं पत्र

नमस्कार, एका शेअरमध्ये निअर मंथ फ्यूचर 1003 आणि नेक्स्ट मंथ 1010.20 दिसत होता. स्पॉट 1000, एक्सपायरीला 15 दिवस. प्रीमियम एक्सपायरीपर्यंत आटतो हे माहीत होतं, म्हणून वाटलं हा 7.20 चा फरकपण आटेल. निअर घेतला, नेक्स्ट विकला, 500 चा एक लॉट. शेअर वर गेला आणि एक्सपायरीला निअर 1040, नेक्स्ट 1049.10, म्हणजे फरक 9.10! दोन एक्सपायरींमध्ये 28 दिवस आहेत, मध्ये डिव्हिडंडपण नव्हता. दोन्ही बाजू धरलेल्या असताना तोटा झालाच कसा?

उत्तर

आटणारी गोष्ट तुम्ही बरोबर ओळखलीत, पण ती लावलीत दुसऱ्याच जागी. आटतो तो फ्यूचर आणि स्पॉट यांच्यातला फरक, ज्याला आपण बेसिस म्हणतो. दोन फ्यूचर्समधला फरक, म्हणजेच स्प्रेड, ही दोन बेसिसची वजाबाकी, आणि दोन्ही बेसिस रोज साधारण सारखेच आटत असतील तर वजाबाकी जागची हलणार नाही. इथेच बहुतेक जण फसतात, कारण स्क्रीनवर एक्सपायरी जवळ येताना दिसते आणि मनात आपोआप "टाइम डिके" सुरू होतो.

तुमच्याच आकड्यांवर करून बघू. पैशाचा भाव वर्षाला 7 टक्के धरा, म्हणजे आज शेअर रोख घेऊन ठेवायचा तर त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज 7 टक्क्यांनी पडतं. स्पॉट 1000 असताना एका दिवसाचं व्याज होतं साधारण 0.19. निअरला 15 दिवस आहेत, त्याचा योग्य प्रीमियम 2.88. नेक्स्टला 43 दिवस आहेत, त्याचा 8.25. फरक 5.37. आता दहा दिवस पुढे जा, स्पॉट तिथेच आहे असं समजा. निअरला उरले 5 दिवस, प्रीमियम 0.96, नेक्स्टला उरले 33, प्रीमियम 6.33, फरक परत 5.37. एक्सपायरीच्या संध्याकाळी निअरचा प्रीमियम शून्य आणि नेक्स्टला 28 दिवसांचे 5.37. पंधरा दिवसांत दोन्ही प्रीमियम 2.88 ने खाली आले पण मधलं अंतर तसंच राहिलं, कारण स्प्रेडमध्ये जो काळ मोजला जातो तो आजपासून एक्सपायरीपर्यंतचा नाही तर निअरच्या एक्सपायरीपासून नेक्स्टच्या एक्सपायरीपर्यंतचा, आणि ते 28 दिवस कॅलेंडरवर छापलेले आहेत, ते काही कमी होत नाहीत. ज्या दिवशी निअर संपतो त्या दिवशी तुमचा स्प्रेड म्हणजे नेक्स्टचा बेसिसच होतो. तुम्हाला हवं होतं ते आटणं तिथून पुढे सुरू होतं, आणि तोपर्यंत तुम्ही ट्रेड बंद केलेला होता.

मग स्प्रेड हलतो कशाने, तर मुख्यतः त्या 28 दिवसांसाठी बाजार काय व्याज लावतोय त्याने. म्हणून मी कधीही स्प्रेड पॉइंटमध्ये बघत नाही, आधी टक्क्यांत काढते:

```
वार्षिक रेट % = (नेक्स्ट − निअर + मधला डिव्हिडंड) ÷ निअर × 365 ÷ मधले दिवस × 100
```

तुम्ही घुसलात तेव्हा 7.20 ÷ 1003 × 365 ÷ 28, म्हणजे जवळपास 9.4 टक्के. बाहेर पडलात तेव्हा 9.10 ÷ 1040 धरून जवळपास 11.4 टक्के. म्हणजे तुम्ही नकळत 28 दिवसांचं व्याज 9.4 टक्क्यांना विकलं आणि 11.4 ला परत घेतलं. निअरचा भाव 1003 वरून 1040 झाल्याने रेट तोच राहिला असता तरी स्प्रेड 7.20 चा 7.47 झाला असता, कारण तेवढ्याच टक्क्यांचं व्याज जास्त रकमेवर लागतं. म्हणजे तुमच्या 1.90 च्या तोट्यातले फक्त 0.27 शेअर वर गेल्यामुळे आणि बाकी 1.63 रेट चढल्यामुळे गेले. वेळेमुळे शून्य. 500 च्या लॉटवर 950 आणि वर दोन्ही लेगचा खर्च.

"दोन्ही बाजू धरलेल्या" हे शब्द शेअरच्या भावापुरते खरे आहेत. निअर 37 ने वर गेला आणि त्याचं तुमच्यावर जवळजवळ काही आलं नाही, तेवढं संरक्षण स्प्रेडने दिलं. पण व्याजाच्या बाजूने तुम्ही उघडेच होतात.

आता रेट 9.4 चा 11.4 का झाला ते बघा, कारण खरी मजा इथे आहे. एक्सपायरीच्या आधीच्या आठवड्यात निअरमध्ये लाँग असलेले लोक दोन गटांत पडतात, एक जे सोडून देतात आणि दुसरे ज्यांना पोझिशन पुढच्या महिन्यात न्यायची असते. दुसरे काय करतात, निअर विकतात आणि नेक्स्ट घेतात. प्रत्येक असा रोलओव्हर निअरला थोडा खाली ढकलतो, नेक्स्टला थोडा वर, आणि स्प्रेड रुंदावतो. चढत्या शेअरमध्ये असे लोक जास्त असतात आणि त्यांना पोझिशन सोडायची नसते, म्हणून पॉइंट दोन पॉइंट जास्त द्यायला ते तयार होतात, त्यांच्या डोक्यात तो व्याजाचा रेट नसतोच, त्यांना फक्त "रोल कितीला पडला" एवढं दिसतं. तुमचा शेअर पंधरा दिवसांत 4 टक्के वर गेला होता, म्हणजे नेमकी तीच परिस्थिती.

समोरच्या बाजूला कोण असतं? ज्यांनी रोख शेअर घेऊन त्यावर निअर विकून ठेवलाय ते, म्हणजे कॅश अँड कॅरीवाले. त्यांचं रोल उलटं असतं, निअर परत घ्यायचा आणि नेक्स्ट विकायचा, जसं तुम्ही केलंत. ते स्प्रेड अरुंद करतात. त्यांना पैसा 7 टक्क्यांना पडत असेल तर 9.4 ला ते खुशीने विकतील, 11.4 ला आणखी खुशीने, पण त्यांच्याकडचा पैसा मोजकाच असतो. एकदा तो लागला की स्प्रेड कितीही महाग असला तरी विकणारा उरत नाही, आणि तिमाही किंवा वर्षअखेरीला जेव्हा संस्था पैसा मोकळा ठेवायला बघतात तेव्हा तर हे फारच लवकर होतं. माझ्या मते स्प्रेडच्या रुंदीचं एका वाक्यात उत्तर द्यायचं तर हेच, की उधारीवर लाँग राहायची किती लोकांना घाई आहे आणि त्यांना उधार देणारा पैसा बाजारात किती शिल्लक आहे.

पडत्या शेअरमध्ये उलटं घडतं. शॉर्टवाले निअर घेऊन नेक्स्ट विकतात, स्प्रेड आक्रसतो, कधी शून्याखाली जातो. तिथून त्याला वर खेचायचं तर रोख शेअर विकून फ्यूचर घेणारा लागतो, आणि ज्याच्याकडे शेअर आहेतच तोच हे सहज करू शकतो, बाकीच्यांना शेअर उसने मिळवायला लागतात. म्हणून वरच्या बाजूला जास्त झालेला स्प्रेड पैसा आला की सरळ होतो पण खालच्या बाजूचा डिस्काउंट कधी कधी हट्टाने टिकून राहतो. "नेक्स्ट निअरपेक्षा स्वस्त आहे म्हणजे फुकटचे पैसे" असं समजून घुसू नका, आधी डिव्हिडंड तपासा.

कारण डिव्हिडंड ही एकच गोष्ट स्प्रेडला एका रात्रीत उलटा करू शकते. वरचंच उदाहरण घ्या, स्पॉट 1000, योग्य स्प्रेड 5.37, आणि कंपनी 8 चा डिव्हिडंड देतेय. फ्यूचरवाल्याला डिव्हिडंड मिळत नाही म्हणून ज्या फ्यूचरच्या एक्सपायरीआधी एक्स-डेट येते त्याच्या भावातून 8 वजा होतात. एक्स-डेट निअरच्या एक्सपायरीआधी असेल तर दोघांतूनही 8 गेले, निअर 994.88, नेक्स्ट 1000.25, स्प्रेड 5.37 च. एक्स-डेट दोन एक्सपायरींच्या मध्ये असेल तर फक्त नेक्स्टमधून गेले आणि स्प्रेड झाला उणे 2.63. डिव्हिडंड तोच, रक्कम तीच, फक्त तारीख एक्सपायरीच्या या बाजूची की त्या बाजूची यावर 8 पॉइंटचा फरक. मला स्वतःला एकदा हे महागात पडलंय. मी आदल्या वर्षीची तारीख बघून धरलं होतं की एक्स-डेट निअरच्या आधी येणार, कंपनीने तारीख जाहीर केली ती निअरच्या एक्सपायरीनंतर चार दिवसांची, आणि मी स्प्रेड लाँग होते म्हणजे नेक्स्ट घेऊन निअर विकलेला होता. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला तेव्हाच स्प्रेड जवळजवळ डिव्हिडंडएवढा खाली होता, मध्ये बाहेर पडायला जागाच मिळाली नाही. तेव्हापासून तारीख जाहीर झालेली नसेल तर त्या शेअरच्या स्प्रेडला मी हात लावत नाही, इंडेक्समध्ये हा धोका अनेक शेअर्समध्ये वाटला जातो म्हणून तिथे जरा निवांत असते. (आणि मोठा खास डिव्हिडंड असेल तर बऱ्याच एक्स्चेंजवर कॉन्ट्रॅक्टच ॲडजस्ट करतात, तेव्हा हा हिशोब लागू होत नाही, तो नियम आपापल्या एक्स्चेंजचा वाचून घ्या.)

तुमच्या ट्रेडकडे परत येते, कारण त्यात एक गोष्ट आहे जी तुम्हाला कोणी सांगितली नसणार. तुमचं मत चुकीचं नव्हतं! पैशाचा भाव 7 टक्के असताना 9.4 टक्क्यांनी स्प्रेड विकणं हा महाग माल विकणंच आहे. कमी पडलं ते भांडवल. समजा एक्सपायरीच्या दिवशी तुम्ही स्प्रेड बंद न करता, निअर संपताना त्याच्या जागी 1040 ला 500 शेअर रोख घेतले असते (डिलिव्हरीवाला कॉन्ट्रॅक्ट असेल तर ते तसेही हातात आले असते) आणि नेक्स्टचा शॉर्ट ठेवला असता. निअरमध्ये 1003 ते 1040, म्हणजे 37 आले. पुढच्या एक्सपायरीला शेअर कुठेही असो, नेक्स्ट तिथेच येऊन मिळणार. तो 1100 झाला असं धरा: रोख शेअरवर 60 आले, नेक्स्टच्या शॉर्टवर 1100 वजा 1010.20 म्हणजे 89.80 गेले. 37 अधिक 60 वजा 89.80, बरोबर 7.20. भाव 900 धरून करून बघा, तेवढेच येतील. म्हणजे विकलेत ते 7.20 पूर्ण मिळाले असते, त्यातून 1040 वर 28 दिवसांचं व्याज 5.58 गेलं असतं आणि खर्चाआधी 1.60 च्या आसपास उरले असते. पण त्यासाठी 5,20,000 रोख हवेत, आणि मध्ये शेअर वाढला तर शॉर्टवरचा रोजचा तोटा भरायला वेगळे, कारण रोख शेअरवरचा फायदा कागदावर असतो आणि फ्यूचरचा तोटा रोज खात्यातून जातो. ज्याच्याकडे हे पैसे आहेत तो 9.10 वर हसत थांबला, ज्याच्याकडे फक्त स्प्रेडचं मार्जिन होतं त्याला शेवटच्या दिवशी बाहेर पडावंच लागलं, आणि बाहेर पडताना त्याने निअर विकला, नेक्स्ट घेतला, म्हणजे स्प्रेड आणखी रुंद करायला हातभारच लावला. तुमच्यासारखे अनेक जण त्या दिवशी असतात.

म्हणून विचारायचा प्रश्न "स्प्रेड महाग आहे का" एवढाच नाही, तर "तो आणखी महाग झाला तर मी एक्सपायरीच्या पलीकडे थांबू शकतो का". उत्तर नाही असेल तर शॉर्ट स्प्रेड शेवटच्या आठवड्यापर्यंत नेऊ नका, रोलओव्हरचा जोर साधारण तेव्हाच येतो. 15 दिवस आधी घेतलात तर तो जोर यायच्या आत, रेट 9.4 चा 8.5 झाला तरी निघायचं ठरवा (1003 वर तो 6.54 चा स्प्रेड होतो), आणि वर 10.5 गेला तर तोटा घेऊन निघायचं. तुमच्या 7.20 मधला योग्य भागाच्या वरचा जो 1.8 पॉइंटच्या आसपासचा भाग होता तेवढीच काय ती कमाईची जागा होती, त्यातून चार व्यवहारांचा खर्च आणि बिड-आस्क वजा केलात तर बऱ्याचदा हातात फारसं उरत नाही, हे घुसायच्या आधी लिहून काढा.

बिड-आस्कवरून आठवलं, स्क्रीनवर दिसणारा फरक दोन शेवटच्या सौद्यांचा असतो. नेक्स्टमध्ये महिन्याच्या सुरुवातीला सौदे कमी, त्याचा शेवटचा भाव पाच मिनिटांपूर्वीचा असू शकतो आणि निअरचा आत्ताचा, मग 7.20 हा फरक मुळात कुठे अस्तित्वातच नसतो. शॉर्ट स्प्रेडसाठी निअरचा आस्क आणि नेक्स्टचा बिड घ्या, तोच तुमचा खरा भाव. स्प्रेडची वेगळी ऑर्डर बुक असेल तर तिथेच टाका, नाहीतर एक लेग झाला आणि दुसऱ्याची वाट बघत बसलात तर तेवढा वेळ तुम्ही सरळ सरळ एका बाजूला उघडे आहात.

शेवटच्या दिवसाचंही एक आहे. बऱ्याच एक्स्चेंजवर निअरचा अंतिम भाव स्पॉटच्या शेवटच्या काही वेळाच्या सरासरीवर ठरतो, त्यामुळे शेवटच्या अर्ध्या तासात निअर त्या सरासरीला चिकटायला लागतो आणि नेक्स्ट मात्र चालू स्पॉटबरोबर पळतो. त्या वेळात शेअर अचानक 5 पॉइंट वर गेला तर स्प्रेड 3-4 पॉइंट रुंद झालेला दिसतो आणि त्यात व्याजाचा काही संबंध नसतो. तुमचे 9.10 त्या वेळातले असतील तर 11.4 टक्क्यांतला काही भाग असा खोटा असू शकतो, सौद्याची वेळ बघा. आणि निअर संपला की स्प्रेडचं सवलतीचं मार्जिन जातं, काही ठिकाणी आधीच काढून घेतात, उरलेल्या लेगला पूर्ण मार्जिन लागतं.

चार्ट ठेवत असाल तर अजून एक खड्डा. एक्सपायरीनंतर चार्टवरचा "निअर-नेक्स्ट" नवीन जोडीवर जातो आणि त्या जोडीत मधले दिवस 28 ऐवजी 35 असू शकतात. 1040 वर 7 टक्क्यांनी 28 दिवसांचे 5.58, 35 दिवसांचे 6.98. चार्टवर 25 टक्क्यांची उडी दिसते, प्रत्यक्षात रेट हललेलाच नाही. पॉइंटचा चार्ट बाजूला ठेवा आणि वरच्या सूत्राने टक्क्यांचा बनवा.

हे सगळं शेअर आणि इंडेक्सचं, जिथे माल ठेवायला जागा लागत नाही. कमोडिटीत याच हिशोबात गोदामाचं भाडं येतं, आणि गोदामच भरलं तर व्याज-भाड्याने ठरणारी वरची मर्यादा राहतच नाही. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकेच्या डब्ल्यूटीआय क्रूडचा मे कॉन्ट्रॅक्ट उणे 37.63 डॉलरला बंद झाला आणि जूनचा 20.43 ला, म्हणजे एका महिन्याचा स्प्रेड 58.06 डॉलर. मे संपायला एकच दिवस होता, तेल कुशिंगला ताब्यात घ्यावं लागणार होतं आणि तिथल्या टाक्यांत मोकळी जागा मिळत नव्हती. मे घेऊन जून विकणाऱ्याकडे कितीही पैसा असता तरी टाकीशिवाय तो थांबू शकत नव्हता. तुमच्या ट्रेडमध्ये जे काम पैशाने केलं असतं ते तिथे टाकीने करायचं होतं.

पुढच्या वेळी ट्रेड टाकायच्या आधी त्याच शेअरच्या मागच्या सहा एक्सपायरी घ्या, प्रत्येकीच्या 15, 10, 5 आणि 1 दिवस आधीचा रेट टक्क्यांत काढा, शेजारी त्या पंधरा दिवसांत शेअर चढला की पडला ते लिहा आणि डिव्हिडंडच्या तारखा मांडा. चढत्या महिन्यांत शेवटच्या पाच दिवसांत रेट किती फुगतो ते त्यात दिसेल, आणि मग 9.4 ला विकायचं की 11.4 ची वाट बघायची हे ठरवायला तुमच्याकडे काहीतरी असेल. तक्ता झाला की पाठवा, मी नजर टाकीन.